टाचेमागची शीर पूर्ण तुटली: टाके की बूट?

प्रश्न: परवा शंभर मीटर जोरात धावत होतो. निम्म्यावर आलो आणि टाचेच्या मागे ‘फट्’ असा आवाज झाला. मागून कुणीतरी दगड मारला असं वाटून मी वळून पाहिलं, तर मागे कुणीच नव्हतं. सोनोग्राफीत अकिलिस टेंडन पूर्ण तुटल्याचं आलंय. एक डॉक्टर म्हणतात लगेच ऑपरेशन करा, दुसरे म्हणतात बुटातच जुळेल. वय ३९, शुगर-बीपी काही नाही. काय करू?

उत्तर: टाके की बूट हे ठरवायला तुमच्या हातात अजून काही दिवस आहेत. पण पाय कसा ठेवायचा हे आजच ठरायला हवं, म्हणून आधी तेच सांगतो. तळपाय काटकोनात ठेवून नुसतं क्रेप बँडेज बांधलं असेल आणि तसंच टेकत टेकत चालत असाल, तर ते आत्ताच थांबवा. चवडा खाली झुकलेला, म्हणजे बॅलेवाल्यांसारखा बोटं खाली रोखून, अशा स्थितीत मागून किंवा पुढून प्लास्टरचा स्लॅब घालून घ्या. नाहीतर टाचेखाली जाड पाचरी असलेला गुडघ्यापर्यंतचा बूट घ्या, आणि कुबड्या वापरा.

कारण साधं आहे. पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली येऊन या एकाच जाड दोरीत मिळतात आणि ती टाचेच्या हाडाला चिकटते. ती बहुतेक वेळा हाडापासून २ ते ६ सेंटीमीटर वर तुटते, कारण तेवढ्या भागात रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. तुटली की पोटरी वरचं टोक वर खेचते. चवडा खाली झुकवला की खालचं टोक वर सरकतं आणि दोन्ही टोकं जवळ येतात. पाय सपाट राहिला तर मधे फट राहते, ती रक्ताच्या गाठीने भरते आणि तिथे लांब, सैल जोड तयार होतो. ऑपरेशन करा किंवा करू नका, शेवटी दोरी मूळच्या लांबीइतकी जुळली का, यावरच पुढची सगळी ताकद ठरते.

मी हे पोटतिडकीने सांगतोय, कारण माझे सहा दिवस असेच वाया गेले. चार वर्षांपूर्वी, ४३ व्या वर्षी, सरावाच्या शेवटच्या स्प्रिंटमध्ये माझी डावी दोरी तुटली. तातडीच्या विभागात एक्स-रे काढला, त्यात हाड ठीक होतं. डॉक्टरांनी पाय खाली दाबायला सांगितला, मी दाबला, आणि ‘घोटा मुरगळलाय’ म्हणून मला घरी पाठवलं. ही चूक पुष्कळ ठिकाणी होते. एक्स-रेत टेंडन दिसत नाही. शिवाय अकिलिस पूर्ण तुटला तरी पायाच्या बोटांना आणि घोट्याच्या दोन्ही बाजूंना जाणारे दुसरे स्नायू शाबूत असतात, त्यामुळे पाय थोडाफार खाली दाबता येतो. दुखणंही दुसऱ्या दिवसापासून कमी होतं. जमत नाही ती एकच गोष्ट: त्या एका पायाच्या चवड्यावर उभं राहणं.

सातव्या दिवशी फिजिओकडे गेलो. तिने मला पालथं झोपवलं, पावलं टेबलाच्या कडेबाहेर लोंबकळत ठेवली आणि आधी उजवी पोटरी मुठीत धरून दाबली. पाऊल टुणकन खाली झुकलं. मग डावी दाबली. पाऊल जागचं हललं नाही. तिने माझंच बोट धरून टाचेच्या चार बोटं वर ठेवलं. जिथे ताठ दोरी लागायला हवी तिथे बोट मऊ खळग्यात गेलं. मग तिने दोन्ही गुडघे काटकोनात वाकवायला लावले. उजवा पाय बोटं वर रोखून जरा तिरका राहिला, डावा सरळ सपाट झाला. ही पोटरी दाबायची चाचणी एका मिनिटाची आहे, आणि ती पहिल्याच दिवशी झाली असती तर पुढची काळजी वाचली असती. तुमचं निदान झालंय, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी लिहून ठेवतो.

आता तुमचा निर्णय. माझ्या मते सगळ्यात उपयोगी माहिती सोनोग्राफीतच मिळते, पण ती मुद्दाम मागावी लागते. ‘पूर्ण तुटला’ एवढं पुरत नाही. पाऊल सरळ असताना फट किती, आणि चवडा पूर्ण खाली झुकवल्यावर किती उरते, हे दोन आकडे हवेत. माझी फट सरळ पावलात अडीच सेंटीमीटर होती आणि चवडा झुकवल्यावर ४ मिलिमीटर उरली. टोकं भेटत होती, म्हणून सर्जनने स्वतःहून सांगितलं की बुटाचा पर्याय खरा आहे. माझ्याबरोबर धावणाऱ्या एका मित्राची फट चवडा झुकवूनही दीड सेंटीमीटरच्या खाली येत नव्हती, त्याला टाक्यांशिवाय मार्ग नव्हता. किती मिलिमीटरपर्यंत बूट चालेल याची रेषा सगळीकडे एक नाही. काही जण ५ मिलिमीटर मानतात, काही एक सेंटीमीटरपर्यंत जातात. पण हा आकडा विचारल्याशिवाय दोन्ही डॉक्टरांच्या मतांची तुलना करू नका.

टोकं भेटत असतील तर मग तोलून पाहायचं. २०२२ मध्ये नॉर्वेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, पाचशेहून अधिक रुग्णांचा. त्यांचे तीन गट केले होते: विनाऑपरेशन, नेहमीचं उघडं ऑपरेशन, आणि छोट्या छेदातून टाके. तिन्ही गटांना सुरुवातीला चवडा झुकवून प्लास्टर आणि नंतर पाचरींचा बूट, असंच सांभाळलं. वर्षाअखेरीस पायाचा वापर, ताकद, त्रास याचे गुण तिन्ही गटांत सारखेच निघाले. फरक होता तो धोक्यांमध्ये. विनाऑपरेशन गटात शंभरातल्या साधारण सहा जणांची दोरी पुन्हा तुटली, ऑपरेशनच्या दोन्ही गटांत शंभरात एकाचीही नाही म्हणावं इतकी कमी. उलट नस दुखावण्याचं प्रमाण उघड्या ऑपरेशनमध्ये शंभरात सुमारे तीन आणि छोट्या छेदात पाच होतं, बुटात जवळजवळ नव्हतंच. टेंडनच्या बाहेरच्या अंगाने खाली जाणारी त्वचेची नस टाक्यात सापडते, आणि पावलाची बाहेरची कड बधिर होते किंवा तिथे झिणझिण्या येत राहतात.

ऑपरेशनची दुसरी अडचण म्हणजे जखम. तिथली त्वचा पातळ आहे आणि खाली मांस नाही. सिगरेट ओढणाऱ्यांची, मधुमेह असलेल्यांची, स्टेरॉइड घेणाऱ्यांची जखम तिथे लवकर भरत नाही, आणि संसर्ग टेंडनपर्यंत गेला तर प्रकरण महिनोन्महिने चालतं. तुम्हाला शुगर नाही हे चांगलं. सिगरेट असेल तर सर्जनला मोकळेपणाने सांगा. गेल्या काही आठवड्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन या जातीची अँटिबायोटिक घेतली असेल तर तेही सांगा. या औषधांनी टेंडन कमकुवत होतो, आणि पुढे पुन्हा ती लिहून दिली जाऊ नयेत म्हणून नोंद असायला हवी.

माझा स्वतःचा कल सांगायचा तर असा: फट मिटत असेल, आणि पुन्हा तुटण्याची ती शंभरात सहाची शक्यता तुम्हाला पेलवत असेल, तर बूट. तुम्ही स्पर्धेत धावता आणि पुन्हा तुटलं तर आणखी एक वर्ष जाईल हे परवडणार नसेल, तर ऑपरेशन, आणि ते या प्रकारची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनकडून. दोन्हीत घाईने चुकीचं ठरत नाही, उशिराने ठरतं. दोन आठवड्यांच्या आत कोणता तरी एक मार्ग सुरू झालाच पाहिजे. चार आठवडे उलटून गेले की टोकं आखडतात, व्रण भरतो, आणि मग नुसते टाके पुरत नाहीत. अंगठा वाकवणारा टेंडन वळवून टाचेला लावण्यासारखं मोठं काम करावं लागतं.

बूट म्हणजे ‘काही न करणं’ असं समजू नका, तो शिस्तीचा उपचार आहे. मला पहिले दोन आठवडे झुकवलेलं प्लास्टर होतं, भार अजिबात नाही. मग तीन पाचरींचा बूट आणि कुबड्यांसह भार टाकायला सुरुवात. पाचर एकेक करून निघाली, साधारण दर दोन आठवड्यांनी. बूट रात्री झोपतानाही. आंघोळीला काढायचा तेव्हा खुर्चीवर बसून, पाऊल खाली लोंबकळत ठेवून, जमिनीला न टेकवता. आठव्या आठवड्यानंतर तो सुटला आणि टाचेखाली छोटी गादी घातलेले साधे बूट आले. या काळात पोटरी ताणायचा व्यायाम कुणी सांगितला तरी करू नका. पायरीच्या कडेवरून टाच खाली सोडणं तर नाहीच. पाय आखडल्यासारखा वाटतो म्हणून लोक ताणतात, आणि कोवळा जोड लांबतो. लांबलेली दोरी पुन्हा आखूड होत नाही.

सगळ्यात धोक्याचा काळ बूट सुटल्यानंतरचा महिना-दीड महिना, कारण दुखत नाही आणि आपण बरे झालो असं वाटतं. दहाव्या आठवड्यात मी अनवाणी जिना चढत होतो, चवडाच पायरीच्या कडेवर पडला आणि टाच खाली गेली. तिथल्या तिथे बसलो. आवाज आला नव्हता, पण खात्री करायला संध्याकाळी पालथं झोपून घरच्यांना पोटरी दाबायला लावली. पाऊल झुकलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. त्यानंतर चार महिने घरातही बूट घालूनच जिना चढलो.

एका पायाच्या चवड्यावर टाच उचलणं मला पाचव्या महिन्यात जमलं, तेही अर्धवट. हलकं धावणं त्यानंतरच. स्प्रिंट अकराव्या महिन्यात. आजही उजवी टाच मी १२ सेंटीमीटर उचलतो आणि डावी १०. लांब धावताना ते जाणवत नाही, पण सुरुवातीच्या ढकलण्यात जाणवतं. पहिल्या सहा दिवसांत पाय सपाट ठेवून चाललो त्याचाच हा हिशेब असावा असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही, पण तुम्हाला ते टाळता येईल.

आणि हो, प्लास्टर किंवा बुटाच्या काळात पोटरीत नवीन दुखणं, सूज, गरमपणा आला, किंवा अचानक दम लागला, छातीत टोचलं, तर वाट पाहू नका. पायातल्या रक्तवाहिनीत गाठ झालेली असू शकते आणि ती छातीत जाऊ शकते. त्याच रात्री दवाखाना गाठा. रक्त पातळ करणारी औषधं लागतील का हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या, विशेषतः घरात कुणाला अशी गाठ झाली असेल तर.

ते दोन आकडे, सरळ पावलातली फट आणि झुकवलेल्या पावलातली, सोनोग्राफीच्या अहवालात नसतील तर उद्याच परत जाऊन मोजून घ्या. मिळाले की इथे टाका, मग बाकीचं बोलू.