भावना उभी राहिलेली की नुसती जाहीर केलेली?

प्रश्न: कवितेत दुसऱ्याच ओळीला ‘काळीज फाटलं’ येतं. हे दुःख कवितेने कमावलंय की नुसतं सांगितलंय, कसं ओळखायचं?

ती ओळ बोटाने झाकून बाकीची कविता वाचा. ‘आई गेली, काळीज फाटलं, अंधार दाटला’ यातलं मधलं झाकलं, तर उरलेला अंधार कुणाच्याही कवितेत खपेल. आई या शब्दावरच सगळी भिस्त आहे. त्या अंधाराऐवजी ‘तिच्या चष्म्याच्या काड्या अजून मिटल्या नाहीत मी’ असेल, तर झाकूनही कळ येते. मग घोषणा बहुधा छाटावीच.

मात्र सुरुवातीची घोषणा आपोआप चूक ठरत नाही. पुढच्या ओळी ती उधारी फेडतात का, किंवा मुद्दाम खोडतात का, ते शेवटपर्यंत वाचून ठरवा. ‘फाटलं’नंतर ‘तुटलं’, ‘विझलं’ एवढंच आलं, तर फक्त आवाज चढलाय.