फ्लूचा मोसम गोलार्धासोबत उलटतो, आमचे साडूभाऊ काहीही म्हणोत

प्रश्न: उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियाला फिरून आलेल्यांना फ्लू कसा काय होतो? तो तर हिवाळ्यातला आजार आहे ना? जाण्याआधी लस घ्यावी का?

माझ्या घरात या विषयावर अजून भांडण चालू आहे, म्हणून उत्तर जरा लांबेल.

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही दोघं नागपूरहून मेलबर्नला लेकीकडे गेलो. इथे पारा ४४ वर, कूलरमध्ये पाणी टिकत नाही, आणि तिकडे नातू. कोण थांबेल? निघण्याआधी लेकीने फोनवर सांगितलं, "बाबा, इथे फ्लू सुरू होतोय, लस घेऊन या." मी घेणारच होतो. तेवढ्यात आमचे साडूभाऊ आले. बँकेतून निवृत्त, पण औषधांवरचं त्यांचं मत डॉक्टरांपेक्षा पक्कं. म्हणाले, "अहो, ऑक्टोबरमध्ये टोचून घेतली ना सुई? वर्षाची असते ती. फ्लूचा मोसम गेला, पुन्हा काहून टोचता?" मी ऐकलं. चूक माझीच, पण सल्ला त्यांचा होता, हे इथे नोंदवून ठेवतो.

मोसम गेला, पण कुठला? समशीतोष्ण प्रदेशात फ्लू तिथल्या हिवाळ्यात वाढतो. उत्तरेकडे साधारण ऑक्टोबर ते मे, जोर डिसेंबर ते फेब्रुवारी. दक्षिणेकडे एप्रिल-मे ते सप्टेंबर-ऑक्टोबर, जोर जून ते ऑगस्ट. थंड, कोरड्या हवेत हा विषाणू जास्त वेळ टिकतो, आणि माणसं खिडक्या बंद करून हीटर लावून बसतात. मेलबर्नला जूनमध्ये रात्री सहा-सात अंश असतं. नागपूरच्या लू मधून आम्ही थेट त्यांच्या हिवाळ्यात उतरलो, तेही नातवाच्या पाळणाघराशेजारी. पाळणाघरातली निम्मी पोरं कायम शेंबडी. आपल्या कॅलेंडरवर उन्हाळा असला म्हणून विषाणूला काय त्याचं.

आता लसीचं बघा, कारण साडूभाऊंचा मुख्य मुद्दा तोच. फ्लूचा विषाणू सतत थोडाथोडा बदलतो, म्हणून लसही दर वर्षी बदलते. लस बहुतांश कोंबडीच्या अंड्यांत वाढवतात, त्याला सहाएक महिने लागतात. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटना उत्तरेसाठी कोणते प्रकार घ्यायचे ते फेब्रुवारीत ठरवते, दक्षिणेसाठी सप्टेंबरमध्ये. माझ्या ऑक्टोबर २०२३ च्या लसीतले प्रकार फेब्रुवारी २०२३ मध्ये ठरलेले. म्हणजे जुलै २०२४ मध्ये ती निवड सतरा महिने जुनी होती. मेलबर्नच्या लोकांना मिळत होती ती सप्टेंबर २०२३ मध्ये ठरलेली, आणि तिच्यातला एच३एन२ या फ्लूच्या जातीचा प्रकार बदललेला होता: माझ्या लसीत डार्विनला सापडलेला, त्यांच्या लसीत थायलंडला सापडलेला. शिवाय सुईने आलेली ताकद काही महिन्यांत ओसरत जाते, आमच्या वयात तर लवकरच. माझी सुई तोवर नऊ महिन्यांची. "वर्षाची असते" म्हणजे वर्षातून एकदा घ्यायची असते, वर्षभर कवच टिकतं असं नाही.

असं गोलार्ध ओलांडून आजार गेल्याची जुनी, नोंदलेली उदाहरणं आहेत. सप्टेंबर १९९७ मध्ये न्यूयॉर्कहून मॉन्ट्रियलला निघालेल्या प्रवासी जहाजावर फ्लू पसरला. उत्तरेत तेव्हा मोसम सुरूही झाला नव्हता. सापडलेला विषाणू सिडनीच्या नव्या प्रकाराशी जुळणारा होता, आणि त्या वर्षीच्या उत्तरेच्या लसीत तो नव्हता. ऑस्ट्रेलियाहून आलेल्या प्रवाशांच्या गटापासून ती साथ सुरू झाली असावी, असा तपासाचा निष्कर्ष होता. आमच्या घरी हेच लहान प्रमाणावर घडलं.

१६ ऑगस्टला, शुक्रवारी, सिंगापूर आणि मुंबईमार्गे नागपूरला उतरलो. शनिवारी साडूभाऊ चॉकलेटं न्यायला आले, दोन तास बसले. त्याच रात्री माझा घसा दुखू लागला, रविवारी ताप १०२. अंग असं दुखत होतं की कूस बदलता येईना. सोमवारी राखी, बहीण आली, दारातूनच बांधून गेली. डॉक्टरांनी ऑगस्टमधला ताप पाहून आधी डेंग्यूची एनएस१ तपासणी आणि मलेरियाची रक्तपट्टी केली. त्यात चूक काही नाही, नागपुरात या दिवसांत तेच आधी बघतात. पण मी परदेशातून आलोय, हे त्यांना दुसऱ्या भेटीत सांगितलं. मग नाकातला नमुना घेतला: इन्फ्लुएंझा ए. बुधवार उजाडला होता. ओसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर त्याचा सगळ्यात जास्त फायदा होतो. ते तास मी डेंग्यूच्या रिपोर्टची वाट पाहत घालवले.

मंगळवारी साडूभाऊंना ताप. तेव्हापासून त्यांचं एकच, "तुम्ही ऑस्ट्रेलियाचा रोग आणला." मी आधी जोरात नाही म्हटलं, आणि माझ्याकडे मुद्दाही होता: आपल्याकडे फ्लू फक्त थंडीचा नसतोच. भारतात बऱ्याच भागात पावसाळ्यात तो वाढतो, आणि जानेवारी ते मार्च दुसरी लाट येते. ऑगस्टमध्ये तो नागपुरातही मिळू शकतो. सिंगापूरसारख्या ठिकाणी तर बारा महिने. पण तारखा मांडल्या की मी पकडला जातो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला एक ते चार दिवस, बहुतेकदा दोन. मला शनिवारी रात्री सुरू झालं, म्हणजे लागण मेलबर्नच्या शेवटच्या दिवसांत नाहीतर वाटेत. नातवाला तर बुधवारपासून खोकला होता. आणि लक्षणांच्या आदल्या दिवसापासूनच माणूस दुसऱ्याला देऊ शकतो, म्हणजे शनिवारी चॉकलेटासोबत बहुधा मीच दिला. ठीक आहे. पण सुई घेऊ नका म्हणणारे कोण?

लस घ्यावी का? घ्या, आणि दक्षिणेची घ्या. आपल्याकडे दोन्ही येतात. पेटीवर वर्ष आणि नॉर्दर्न की सदर्न हेमिस्फियर ते लिहिलेलं असतं, वाचूनच टोचून घ्या. नवा साठा केव्हा येतो ते दुकानात आधी विचारा, कारण ताकद यायला दोनेक आठवडे लागतात. विमानतळाच्या वाटेवर घेऊन उपयोग नाही. इथे मिळाली नाहीच, तर तिथे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात औषधाच्या दुकानात पैसे देऊन घ्या. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, फक्त दवाखान्यात भरती होण्याची शक्यता कमी होते. दमा, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल तर स्वतःच्या डॉक्टरांना विचारा, मला नाही. आणि परतल्यावर आठवडाभरात ताप आला तर डॉक्टरांकडे पहिलं वाक्य हेच बोला: अमुक तारखेला ऑस्ट्रेलियाहून आलो. दम लागला किंवा ताप उतरून पुन्हा चढला तर घरी थांबू नका.

साडूभाऊ यंदा जूनमध्ये मुलाकडे ऑकलंडला निघालेत. मी त्यांना पेटीचा फोटो पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.