एएमएच कमी आला म्हणून फ्लॅटची एफडी मोडावी का?

*मी 34 वर्षांची, लग्नाला दोन वर्षं झाली आहेत. फ्लॅट आणि नवऱ्याचा परदेशातला प्रोजेक्ट यामुळे मूल 37व्या वर्षी, असं ठरवलं होतं. हेल्थ चेकअपमध्ये एएमएच 0.6 आला. क्लिनिक म्हणतं, आत्ताच एग फ्रीझिंग करा: एका सायकलचे 1.9 लाख, साठवणीचे वर्षाला 30 हजार, पुढे वापरताना दीड लाख. डाउन पेमेंटसाठी ठेवलेली 8 लाखांची एफडी मोडू का? गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत.*

आज मोडू नका. तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. या गोळ्यांमुळे एएमएच हा अंडाशयातल्या हार्मोनचा आकडा साधारण 20 ते 30 टक्क्यांनी कमी दिसू शकतो, काहींच्या बाबतीत त्याहूनही जास्त. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून गोळ्या थांबवा, तोवर दुसरं साधन वापरा, आणि दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करा. सोबत पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफीत अंडाशयातल्या लहान फॉलिकल्सची, म्हणजे बीजं ज्यांत वाढतात त्या पिशव्यांची, मोजणीही करून घ्या. दोन्ही गोष्टी एकच सांगत असतील तरच आकड्यावर विश्वास ठेवा.

आता हा आकडा सांगतो काय? एएमएच हे याच लहान फॉलिकल्समधून स्रवणारं हार्मोन. इंजेक्शनं दिल्यावर एका सायकलमध्ये किती स्त्रीबीजं हाती लागतील, याचा अंदाज त्यावरून बरा येतो. नैसर्गिकरीत्या दिवस राहतील का, हे मात्र तो सांगत नाही, कारण त्यासाठी महिन्याला एकच बीज लागतं. अमेरिकेत वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या 30 ते 44 वयाच्या सुमारे 750 स्त्रियांचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यांत एएमएच 0.7 पेक्षा कमी असलेल्यांना वर्षभरात दिवस राहण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी आढळली नाही. तेव्हा 0.6 म्हणजे ‘वेळ संपली’ असा अर्थ काढून कुणी घाई करत असेल तर ती विक्री समजा.

वेळेचं खरं घड्याळ वय आहे. वयाबरोबर बीजांमध्ये गुणसूत्रांच्या चुका वाढतात, पस्तिशीनंतर जास्त वेगाने. ही गुणवत्ता एएमएचमध्ये दिसत नाही. 0.6 असलेली 34 वर्षांची आणि 3 असलेली 41 वर्षांची यांत एकेका बीजाच्या गुणवत्तेत पहिलीचीच बाजू वरचढ.

पैशाच्या भाषेत सांगायचं तर एएमएच तुम्हाला बीजाचा भाव सांगतो आणि वय त्या बीजाचा कस. बोस्टनच्या संशोधकांनी 2017 सालीच गणिती अंदाज मांडला होता: किमान एक मूल होण्याची 75 टक्के शक्यता हवी असेल तर 34व्या वर्षी सुमारे 10 परिपक्व बीजं गोठवावी लागतात, 37व्या वर्षी सुमारे 20. एएमएच खरोखरच 0.6 निघाला, तर सायकलमागे चार परिपक्व बीजं धरून चाला. दोनच मिळाली असंही होतं. म्हणजे तीन सायकली: 5.7 लाख. तीन वर्षांची साठवण 90 हजार, पुढचे दीड लाख. एकूण 8.1 लाख. अख्खी एफडी गेली, वर 10 हजार खिशातून, आणि हाती आली हमी नव्हे, तर 75 टक्क्यांचा अंदाज.

क्लिनिकने दिलेल्या 1.9 लाखांत इंजेक्शनं धरली आहेत का, हे लेखी घ्या. बीजं कमी असली की डोस बऱ्याचदा मोठा लागतो आणि बिल तिथेच फुगतं. सायकल मध्येच रद्द झाली तर किती परत मिळतील, हेही विचारा.

या 8.1 लाखांसमोर दुसरा पर्याय ठेवा: फ्लॅट लांबवायचा की मूल अलीकडे आणायचं? प्रोजेक्टमध्ये वाकवण्यासारखं काही असेल तर वर्षभरात प्रयत्न सुरू करणं मला हिशेबाने सरस वाटतं. तेव्हा वय 35 असेल, म्हणून सहा महिन्यांत दिवस राहिले नाहीत तर डॉक्टरांकडे जा, वर्ष थांबू नका. नवऱ्याची वीर्यतपासणी मात्र आत्ताच करून घ्या, तिला खर्च फार येत नाही. 37 पर्यंत थांबणं टळतच नसेल, तर गोठवण्यात अर्थ आहे. मग ते 34व्या वर्षी करा, 36व्या नको, आणि फक्त एका सायकलपुरते पैसे असतील तर सुरू करण्याआधी दोनदा विचार करा. नवरा इथे असताना बीजांऐवजी भ्रूण गोठवण्याबद्दलही विचारा. किती बीजं फलित झाली हे लगेच कळतं, तीन वर्षांनी नव्हे.

आरोग्य विम्यावर भिस्त ठेवू नका. बहुतेक पॉलिसी हा खर्च देत नाहीत. एफडीची मुदत या दरम्यान संपणार असेल तर नूतनीकरण तीन महिन्यांपुरतंच करा. दुसरा रिपोर्ट हाती येईल तेव्हा दंड न भरता पैसे मोकळे असतील.