रात्री पाय दुखतात, सकाळी काहीच नाही

चार वर्षांची मुलगी रात्री पाय दुखतात म्हणून रडत उठते, सकाळी मात्र धावते. काळजीचं आहे का?

पोटरी हलकेच दाबून बघा. वाढीच्या वेदनांमध्ये मूल स्वतःच पाय पुढे करून “अजून चोळ” म्हणतं. हाडात जंतुसंसर्ग किंवा सूज असेल, तर हात लागताच पाय ओढून घेतं. हा फरक मला सगळ्यात उपयोगी वाटतो. वाढीच्या वेदना बहुधा दोन्ही पायांत, सांध्यांत नव्हे तर पोटरी-मांडीत असतात. चोळणं, गरम शेक पुरतो. फारच रडली तर पॅरासिटामॉल, 14 किलोच्या मुलीला 5 मिलीत 250 मिग्रॅ असलेलं सिरप 4 मिली. ॲस्पिरिन नको.

दुखणं रोज एकाच पायात, एकाच जागी, सकाळी लंगडणं, ताप, फिकटपणा किंवा कारणाविना काळेनिळे डाग दिसले, तर लगेच बालरोगतज्ज्ञांकडे न्या. रक्ताच्या कर्करोगाची सुरुवात कधीकधी अशीच असते, म्हणून सीबीसी ही रक्ततपासणी टाळू नका.