दुष्परिणामांचा तक्ता आधी उघडा

तुम्ही औषध-चाचणीच्या शोधनिबंधाच्या सारांशातलं ‘औषध सुरक्षित आढळलं’ हे वाक्य उचललंत. सुरुवातीला सगळेच उचलतात, मीही उचललं आहे. त्याऐवजी थेट तक्त्यावर जा आणि टक्के सोडून माणसं मोजा.

2000 सालची व्हिगर चाचणी घ्या. सुमारे 8,000 संधिवाताचे रुग्ण. निम्म्यांना रोफेकॉक्सिब हे वेदनाशामक, निम्म्यांना नॅप्रोक्सेन हे दुसरं वेदनाशामक. पोटाचे त्रास रोफेकॉक्सिबवर कमी झाले. हृदयविकाराचे झटके मात्र 0.4 विरुद्ध 0.1 टक्के, आणि मांडणी अशी की जणू नॅप्रोक्सेननंच हृदय जपलं! प्लासिबो गट नव्हता, त्यामुळे ते तपासणार कसं? शिवाय हृदयाच्या घटनांची मोजणी पोटाच्या घटनांपेक्षा आधी थांबवली होती. रोफेकॉक्सिब गटातले तीन झटके त्यामुळे बाहेर राहिले: 17 छापले, खरे 20. रोफेकॉक्सिब 2004 मध्ये बाजारातून गेलं.

म्हणून सध्या एवढंच पाहा:

- दुष्परिणाम किती काळ मोजले? परिणामकारकतेइतकाच का?
- औषध मध्येच सोडणारे किती, आणि का?
- ‘एकही घटना नाही’ असेल तर 3 ला रुग्णसंख्येनं भागा. 300 जणांत शून्य म्हणजे खरा धोका 1 टक्क्यापर्यंत असू शकतो.

‘फरक लक्षणीय नाही’ याचा अर्थ ‘धोका नाही’ असा लावू नका. चाचणीतली रुग्णसंख्या फायदा दिसावा म्हणून ठरवलेली असते, विरळ अपाय सापडावा म्हणून क्वचितच.