ओल्या काचेमागच्या पाटीवर नवं नाव घालताना

प्रश्न: बडोद्याला रावपुऱ्यात गाडीत बसून काकांच्या दुकानाच्या पाटीचा फोटो काढला, समोरच्या काचेवर थेंब आणि ओघळ आहेत. पिवळ्या पाटीवर मरून गुजराती अक्षरं आहेत, तिथे नवं मराठी नाव घातलं तर ते काचेवर स्टिकर लावल्यासारखं दिसतंय. फोटोशॉपमध्ये कसं करू?

उत्तर: जुनं नाव लगेच पुसू नका, आधी त्याचा लेयर डुप्लिकेट करून ठेवा, कारण ओल्या काचेने अक्षरांचं काय केलंय ते तिथेच दिसतं. काचेवरच्या पाण्यामुळे उजेड विखुरतो, म्हणून गडद रंग दुधाळ होतात. जुन्या अक्षराचा रंग आयड्रॉपरने उचला आणि नव्याला तोच द्या, शुद्ध मरून दिलात तर ते पुढे येऊन बसणारच. मग झूम करून जुन्या अक्षराची कड बघा, मरूनपासून पिवळ्यापर्यंत जायला किती पिक्सेल लागतात ते मोजा. समजा ८ लागले, तर Gaussian Blur चा Radius साधारण ३ ठेवून सुरुवात करा. नव्या नावाचा टेक्स्ट लेयर Rasterize Type करा, नाहीतर Distort निवडताच येत नाही, आणि तिरकेपणा Edit > Transform > Distort ने ब्लरच्या आधीच जुळवून घ्या.

आता खरं काम. थेंब आणि ओघळ एकसारखे वागत नाहीत. थेंब छोट्या भिंगासारखा असतो, त्यात अख्खा रस्ता उलटा आणि बारीक दिसतो, म्हणजे पाटी असली तरी वाचता येत नाही, तेव्हा थेंबांवर नवं अक्षर अजिबात नको, लेयर मास्कवर तेवढी जागा काळी करा आणि मूळचे थेंब तसेच राहू द्या. मास्कची कड थेंबाइतकीच मऊ हवी, थेंब आउट ऑफ फोकस असेल तर कडक ब्रश लगेच ओळखू येतो.

ओघळात मात्र अक्षर दिसतं, पण बाजूला सरकलेलं. उभा ओघळ आडवं सरकवतो, म्हणून काना तुटतो आणि शिरोरेषा बहुतेक सरळच राहते, ओघळ तिरका असेल तिथेच तिला पायरी पडते. लोक Displace वापरायला सांगतात, पण तो मॅपच्या उजळ-गडदावरून सरकवतो आणि ओघळाचा उजेड म्हणजे त्याचा आकार नव्हे, त्यामुळे मी Liquify च्या Forward Warp ने हातानेच करतो, जुना लेयर शेजारी उघडा ठेवून, त्याच ओघळात जुनी अक्षरं किती सरकली होती तेवढंच.

एक गोष्ट हमखास राहते. जुनं नाव लांब असेल तर नव्याच्या बाहेरच्या ओघळात मरून डाग उरतो, मागे अक्षरच नाही आणि पाण्यात रंग! तिथे त्याच ओघळाचा वरचा कोरा पिवळा तुकडा क्लोन करा, दुसऱ्या ओघळाचा नको, रुंदी आणि चमक जुळत नाही.

शेवटी Add Noise, Monochromatic वर टिक करून, १ ते २ टक्के, शेजारच्या पिवळ्या भागाशी ताडून. आणि फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला असेल तर ज्याच्या फोनमध्ये मूळ फाईल आहे त्याच्याकडून ती मागवा, कॉम्प्रेशनच्या चौकोनांत ओघळाची कड सापडतच नाही.