द्राक्ष सल्लागाराची ऑनलाइन कार्यशाळा

प्रश्न: नाशिकला द्राक्षबागांना सल्ला देतो. ऑनलाइन कार्यशाळा घेऊन ग्राहक मिळतील का?

उत्तर: मिळतील, पण विषय एकच ठेवा: देठ परीक्षणाचा अहवाल कसा वाचायचा. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात आली की नमुने जातात. अहवाल हाती येतात त्याच आठवड्यात, रात्री आठनंतर दीड तास घ्या. पंधराच जण, थोडी फी, कारण फुकट नाव नोंदवणारे बरेचदा येतच नाहीत.

प्रत्येकाला स्वतःचा अहवाल आणायला सांगा. पालाश कमी दिसला की लगेच खत सुचवू नका. आधी सोडियमचा आकडा बघायला शिकवा. तो जास्त असेल तर वेल पालाश नीट उचलत नाही, मग विहिरीचं पाणी तपासावं लागतं. इथेच तुमची जाण दिसते.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला त्याच्या अहवालावर दोन ओळी पाठवा. ‘प्लॉटवर या’ असा फोन त्यांच्यातूनच येतो.